रोख प्रवाह पत्रक: ताळेबंदातला फरक म्हणजे रोख नव्हे

अप्रत्यक्ष पद्धतीचा आराखडा बहुतेकांना येतो. नफा घ्यायचा, घसारा मिळवायचा, साठा वाढला तर वजा, धनको वाढले तर अधिक, मग गुंतवणूक, मग वित्तपुरवठा. तरीही गणित चुकतं, आणि माझ्या पाहण्यात ते बहुतेक वेळा एकाच जागी चुकतं. दोन ताळेबंदांची वजाबाकी करून जो फरक येतो, तो तसाच्या तसा रोख म्हणून उचलला जातो. यंत्रसामग्री ६०० ची ७६० झाली, म्हणजे १६० ची खरेदी झाली असं धरलं जातं. भागभांडवल ५०० चं ६०० झालं, म्हणजे १०० रोख आले असं लिहिलं जातं. खाली घेतलेल्या उदाहरणात ही दोन्ही विधानं चूक आहेत. का चूक आहेत, हे समजलं की या प्रकारच्या प्रश्नातला अवघड भाग संपतो.

आधी तीन कप्प्यांबद्दल थोडं

ऑपरेटिंग म्हणजे धंद्याची रोजची उलाढाल: माल विकणं, कच्चा माल घेणं, पगार देणं, कर भरणं. इन्व्हेस्टिंग म्हणजे अनेक वर्षं वापरायच्या मालमत्तेची आणि गुंतवणुकांची खरेदी-विक्री. फायनान्सिंग म्हणजे भांडवल आणि कर्ज: ते आणणं, परत करणं आणि त्यावर मोबदला देणं.

बाब कुठल्या कप्प्यात जाते हे ठरवताना तिच्या नावावर जाऊ नका. या व्यवहारात कंपनीच्या समोर कोण उभं आहे, हे विचारा. ग्राहक, पुरवठादार, कर्मचारी किंवा करखातं असेल तर ऑपरेटिंग. मालमत्ता विकणारा किंवा विकत घेणारा असेल तर इन्व्हेस्टिंग. भागधारक किंवा कर्ज देणारा असेल तर फायनान्सिंग. जमीन म्हटलं की हात आपोआप इन्व्हेस्टिंगकडे जातो, पण जमिनीची खरेदी-विक्री हाच ज्या कंपनीचा धंदा आहे, तिच्यासाठी जमीन हा मालसाठा असतो आणि ती विकत घेणारा हा ग्राहक असतो. बँकेने दिलेलं कर्जही असंच. बँकेसाठी तो रोजचा धंदा आहे, म्हणून ते ऑपरेटिंगमध्ये येतं. प्रश्नाच्या पहिल्या ओळीत कंपनीचा व्यवसाय दिलेला असेल तर तो वाचूनच पुढे जा.

उदाहरण

एका उत्पादक कंपनीचे दोन ताळेबंद असे आहेत. आकडे हजारांत समजा.

| बाब | वर्षाच्या सुरुवातीला | वर्षाच्या शेवटी |
|---|---|---|
| भागभांडवल | ५०० | ६०० |
| राखून ठेवलेला नफा | १२० | २०० |
| दीर्घ मुदतीचं कर्ज | २०० | १५० |
| धनको | ८० | ९५ |
| कराची तरतूद | ३० | ४० |
| एकूण | ९३० | १,०८५ |
| यंत्रसामग्री, मूळ किमतीला | ६०० | ७६० |
| वजा: संचित घसारा | (१५०) | (१८०) |
| मालसाठा | १४० | १७० |
| ऋणको | १६० | १४० |
| रोख आणि बँक | १८० | १९५ |
| एकूण | ९३० | १,०८५ |

सोबत ही माहिती दिली आहे. १०० मूळ किमतीचं एक यंत्र ५५ ला विकलं, त्यावर तोपर्यंत ६० घसारा जमा झाला होता. नवीन यंत्रांपैकी ६० किमतीचं एक यंत्र घेताना विक्रेत्याला रोख न देता दर्शनी किमतीने शेअर दिले. वर्षात ५० लाभांश दिला. नफा-तोटा पत्रकात कराची तरतूद ४५ आहे. कर्जावरचं व्याज २० आहे आणि ते सगळं भरलं आहे.

पहिली पायरी: उत्तर आधी लिहून ठेवा

रोख आणि बँक १८० वरून १९५ झाली. वाढ १५. हा आकडा कागदाच्या तळाशी लिहा आणि त्याभोवती चौकट करा. तिन्ही कप्प्यांची बेरीज शेवटी इथे यायला हवी. ती का येते, हेही समजून घ्या. ताळेबंदाच्या दोन बाजू नेहमी सारख्या असतात, त्यामुळे रोख सोडून बाकीच्या सगळ्या ओळींमध्ये जो बदल झाला, त्याची बेरीज-वजाबाकी म्हणजेच रोखीतला बदल. आपण करतो ते एवढंच, की रोख सोडून बाकी प्रत्येक ओळीतल्या बदलाचं कारण शोधतो आणि ते योग्य कप्प्यात लिहितो.

या पायरीवर एक गोष्ट बघायची राहून जाते. रोख म्हणजे फक्त तिजोरीतली आणि बँकेतली रक्कम नव्हे, तर रोखसममूल्यसुद्धा. म्हणजे घेतल्या तारखेपासून साधारण तीन महिन्यांच्या आत वटणाऱ्या आणि किंमत फारशी न हलणाऱ्या गुंतवणुका. प्रश्नात तशी गुंतवणूक दिली असेल तर ती रोखीतच मिळवा, इन्व्हेस्टिंगमध्ये लिहू नका. आपल्या उदाहरणात ती नाही.

दुसरी पायरी: खाती उघडा

आराखड्याला हात लावण्याआधी कच्च्या कागदावर चार खाती तयार करायची. ज्या ओळीत एकापेक्षा जास्त कारणांनी बदल झालेला असू शकतो, तिचं खातं उघडल्याशिवाय रोख कळत नाही. साठा, ऋणको आणि धनको यांना इथे खातं लागत नाही. यंत्रसामग्री, संचित घसारा, कर आणि राखून ठेवलेला नफा यांना लागतं.

संचित घसाऱ्यापासून सुरुवात करा, कारण त्याचा आकडा पुढे लागणार आहे. सुरुवातीला १५०. यंत्र विकलं तेव्हा त्याच्यावरचा ६० घसाराही खात्यातून गेला, राहिला ९०. शेवटी मात्र १८० आहे. म्हणजे यंदाचा घसारा ९०. नुसती वजाबाकी केली असती तर ३० आला असता, आणि नफ्यात ६० कमी मिळवले गेले असते.

आता यंत्रसामग्री. सुरुवातीला ६००, विकलेल्या यंत्राची मूळ किंमत १०० गेली, राहिले ५००. शेवटी ७६० आहेत. म्हणजे खरेदी २६०, १६० नव्हे. या २६० पैकी ६० ची खरेदी शेअर देऊन झाली. तिथे रोख हललीच नाही. म्हणून रोखीने केलेली खरेदी २००.

याच ठिकाणी विकलेल्या यंत्राचा हिशेबही करून टाका. मूळ किंमत १००, घसारा ६०, पुस्तकी किंमत ४०. विकलं ५५ ला. नफा १५. हे तीन आकडे, म्हणजे ४०, ५५ आणि १५, प्रत्येकी वेगळ्या कामाचे आहेत. ५५ ही खरी रोख आहे आणि ती इन्व्हेस्टिंगमध्ये जाते. १५ हा नफ्यात आधीच मिसळलेला आहे, तो ऑपरेटिंगमधून काढायचा आहे. ४० कुठेच लिहायचे नाहीत.

काही प्रश्नांत संचित घसारा वेगळा देत नाहीत, यंत्रसामग्रीची निव्वळ किंमतच देतात. तसं असतं तर आपल्याकडे सुरुवातीला ४५० आणि शेवटी ५८० दिसले असते, आणि घसारा ९० असल्याचं वेगळं सांगितलं असतं. तेव्हा खात्यातून मूळ किंमत १०० नाही, तर पुस्तकी किंमत ४० वजा करायची, आणि घसारा ९० सुद्धा याच खात्यातून वजा करायचा. ४५० मधून ४० आणि ९० गेले की ३२० उरतात, शेवटी ५८० आहेत, म्हणजे खरेदी पुन्हा २६०. पण निव्वळ किमतीच्या खात्यातून कुणी १०० वजा केले तर खरेदी ३२० निघते. खातं मूळ किमतीचं असेल तर त्यात घसारा शिरत नाही, आणि खातं निव्वळ किमतीचं असेल तर त्यात मूळ किंमत शिरत नाही. खातं उघडताना त्याच्या डोक्यावर यापैकी कुठलं ते लिहून ठेवायची सवय लावा.

कराच्या तरतुदीचं खातं छोटं आहे. सुरुवातीला ३० देणं होतं, यंदा ४५ ची तरतूद झाली, एकूण ७५. शेवटी ४० देणं बाकी आहे. म्हणजे ३५ भरले. नफा-तोटा पत्रकातले ४५ हा खर्च आहे, ३५ ही रोख.

राखून ठेवलेल्या नफ्यात ८० ची वाढ दिसते, पण त्यातून ५० लाभांश आधीच गेला आहे. म्हणून करोत्तर नफा १३०. त्यात कराची तरतूद ४५ मिळवली की करपूर्व नफा १७५. राखीव निधीत रक्कम वर्ग केली असेल तर तीही इथेच परत मिळवायची, कारण ती कंपनीबाहेर गेलेली नाही. आपल्याकडे तशी नोंद नाही.

तिसरी पायरी: नफ्यातून रोखीकडे

सुरुवात करपूर्व नफ्यापासून, १७५. आता नफ्यात असलेल्या पण ऑपरेटिंग रोख नसलेल्या गोष्टी बाजूला करायच्या.

घसारा ९० मिळवा. घसाऱ्यातून पैसा येतो म्हणून तो मिळवत नाहीत, हे मी मुद्दाम सांगतो, कारण काही उत्तरांत 'घसाऱ्यातून मिळालेली रोख' अशी ओळ लिहिलेली दिसते. कंपनीने घसारा ९० ऐवजी १०० धरला असता तर करपूर्व नफा १० ने कमी झाला असता आणि मिळवायची रक्कम १० ने वाढली असती. बेरीज तीच राहिली असती. नफा काढताना जे वजा केलं पण दिलं नाही, ते आपण फक्त परत ठेवतो आहोत.

व्याज २० मिळवा. हे खरोखर दिलेलं आहे, तरी मिळवतो, कारण ते इथे न दाखवता फायनान्सिंगमध्ये दाखवणार आहोत. नफ्यात ते आधीच वजा झालेलं आहे. इथे परत ठेवलं नाही तर एकच व्याज दोनदा जाईल.

यंत्र विक्रीचा नफा १५ वजा करा. यंत्राचे पूर्ण ५५ इन्व्हेस्टिंगमध्ये येणार आहेत आणि त्या ५५ मध्ये हे १५ आहेतच. इथून काढले नाहीत तर ते दोनदा मोजले जातील. यंत्र तोट्यात विकलं असतं तर तो तोटा मिळवला असता.

१७५ अधिक ९० अधिक २० वजा १५, झाले २७०. याला खेळत्या भांडवलातले बदल करण्यापूर्वीचा ऑपरेटिंग नफा म्हणतात.

चौथी पायरी: साठा, ऋणको, धनको

इथे नियम पाठ करण्यापेक्षा प्रत्येक ओळ वाचून तिचा अर्थ लावा. परीक्षेच्या घाईत पाठ केलेली चिन्हं उलटी होतात, अर्थ मात्र उलटा होत नाही.

साठा १४० वरून १७० झाला. नफा काढताना फक्त विकलेल्या मालाची किंमत वजा झाली, पण कंपनीने त्यापेक्षा ३० चा जास्त माल उचलून गोदामात ठेवला. तो नफ्यात दिसत नाही. म्हणून ३० वजा.

ऋणको म्हणजे ज्यांच्याकडून उधारीचे पैसे येणं आहे ते. ते १६० वरून १४० झाले. यंदाची सगळी विक्री नफ्यात धरली आहे, पण ग्राहकांनी त्याहून २० जास्त आणून दिले, जुनी उधारी फेडली. म्हणून २० अधिक.

धनको ८० वरून ९५ झाले. वजा करताना आपण घेतलेल्या सगळ्या मालाची किंमत धरली, पण त्यातले १५ अजून दिलेलेच नाहीत. म्हणून १५ अधिक.

२७० मधून ३० गेले, २० आले, १५ आले. व्यवहारातून निर्माण झालेली रोख २७५. यातून भरलेला कर ३५ वजा केला की ऑपरेटिंगमधून आलेली निव्वळ रोख २४०.

कराच्या बाबतीत दोन वाटा आहेत आणि त्यांपैकी एकीनेच जायचं. करपूर्व नफा १७५ घेऊन शेवटी ३५ वजा करा, परिणाम १४०. किंवा करोत्तर नफा १३० घेऊन कराचं देणं १० ने वाढलं म्हणून ते १० मिळवा, परिणाम पुन्हा १४०. करपूर्व नफ्याने सुरुवात करून शिवाय तरतुदीतली वाढ खेळत्या भांडवलात मिळवली, तर दोन्ही वाटा एकत्र होतात आणि उत्तर १० ने चुकतं.

पाचवी पायरी: खालचे दोन कप्पे

खाती नीट उघडली असतील तर इथे नुसतं उतरवून घ्यायचं काम आहे. इन्व्हेस्टिंगमध्ये यंत्रांच्या खरेदीसाठी दिलेली रोख २००, यंत्र विकून मिळालेली ५५. निव्वळ १४५ बाहेर गेले.

फायनान्सिंगमध्ये भागभांडवल १०० ने वाढलेलं दिसतं, पण त्यातले ६० चे शेअर यंत्र विक्रेत्याकडे गेले. रोख आली ती ४०. कर्ज २०० वरून १५०, म्हणजे ५० फेडले. वर्षात नवीन कर्ज घेतलं असतं तर घेतलेलं आणि फेडलेलं वेगवेगळ्या ओळींत दाखवावं लागलं असतं, नुसता फरक चालला नसता. व्याज २० आणि लाभांश ५० दिले. ४० आले, १२० गेले, निव्वळ ८० बाहेर.

शेअरच्या बदल्यात घेतलेलं ६० चं यंत्र पत्रकाच्या आत कुठेच येत नाही. ते खाली टीप म्हणून लिहायचं. वाचणाऱ्याला या व्यवहाराची माहिती मिळायला हवी, पण त्यात रोख नव्हती हेही कळायला हवं.

२४० वजा १४५ वजा ८०. उरले १५. चौकटीतला आकडा जुळला.

व्याजाचा कप्पा ठरवताना

व्याज आणि लाभांश यांबाबत वेगवेगळ्या मानकांचं मत वेगळं आहे, त्यामुळे एका पुस्तकातलं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही आणि नवशिका गोंधळतो. आयएएस ७ मध्ये दिलेलं व्याज ऑपरेटिंगमध्ये किंवा फायनान्सिंगमध्ये दाखवण्याची मुभा होती. १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना लागू होणाऱ्या आयएफआरएस १८ ने ही मुभा बहुतेक कंपन्यांसाठी काढून टाकली आहे. कर्ज देणं किंवा गुंतवणूक करणं हा ज्यांचा मुख्य धंदा नाही, त्यांचं दिलेलं व्याज आणि लाभांश फायनान्सिंगमध्ये, मिळालेलं व्याज आणि लाभांश इन्व्हेस्टिंगमध्ये. अमेरिकेतल्या नियमांत मात्र दिलेलं व्याज, मिळालेलं व्याज आणि मिळालेला लाभांश हे तिन्ही ऑपरेटिंगमध्ये येतात, फक्त दिलेला लाभांश फायनान्सिंगमध्ये. तुमचा अभ्यासक्रम कुठल्या मानकावर आहे ते एकदा बघून ठेवा आणि तेच धरून चाला.

आपल्या उदाहरणात व्याज ऑपरेटिंगमध्ये ठेवायचं ठरलं तर काय बदलेल? ते परत मिळवायचं नाही आणि फायनान्सिंगमध्ये लिहायचं नाही. ऑपरेटिंग २२० होईल, फायनान्सिंगमधून ६० बाहेर जातील, बेरीज पुन्हा १५. आयएफआरएस १८ प्रमाणे सुरुवातच ऑपरेटिंग नफ्यापासून होते, म्हणजे व्याज वजा होण्याआधीच्या १९५ पासून. तिथेही व्याज मिळवायची गरज उरत नाही: १९५ अधिक ९० वजा १५, तेच २७०.

व्याजाचा थोडा भाग द्यायचा राहिला असेल तर नफ्यात धरलेला पूर्ण खर्च परत मिळवा आणि फायनान्सिंगमध्ये प्रत्यक्ष दिलेली रक्कमच लिहा. थकलेलं व्याज मग खेळत्या भांडवलात पुन्हा घ्यायचं नाही.

ताळा जुळला नाही तर

एका विद्यार्थिनीने नेमकं असंच गणित सोडवून वही पुढे केली होती. बेरीज १५ ऐवजी ४५ आली होती आणि ती तिसऱ्यांदा सगळ्या बेरजा तपासत होती. बेरजा बरोबर होत्या. अशा वेळी बेरजा सोडून फरकाकडे बघावं. फरक ३०. आधी पत्रकात ३० ची बाब सुटली आहे का ते बघायचं: साठ्यातली वाढ ३० आहे, ती वजा करायची राहिली तर उत्तर नेमकं ४५ येतं. ती सुटली नसेल तर फरकाचा निम्मा शोधायचा, कारण चिन्ह उलटं पडलं की चूक दुप्पट होते. निम्मे १५, आणि यंत्र विक्रीचा नफा १५ वजा करण्याऐवजी मिळवला तरीही उत्तर नेमकं ४५ येतं. तिच्या वहीत साठा बरोबर होता. नफ्याच्या १५ पुढे अधिकचं चिन्ह होतं. दोन मिनिटांत सापडलं.

माझी पद्धत अशी की प्रश्नपत्रिकेवरच ताळेबंदाच्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने खूण करायची, पण ती ओळ पत्रकात लिहिली म्हणून नाही, तर तिच्यातल्या पूर्ण बदलाचं कारण लिहून झालं म्हणून. संचित घसाऱ्यापुढे खूण तेव्हाच, जेव्हा ९० आणि ६० या दोन्हींची नोंद लागली. भागभांडवलापुढे तेव्हाच, जेव्हा ४० फायनान्सिंगमध्ये आणि ६० खालच्या टिपेत गेले. खूण नसलेली ओळ राहिली की चूक तिथेच असते.

मात्र ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही. हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, कारण १५ आले की सगळे पेन खाली ठेवतात. समजा कुणी यंत्रांची पूर्ण खरेदी २६० इन्व्हेस्टिंगमध्ये लिहिली आणि शेअरचे पूर्ण १०० फायनान्सिंगमध्ये. इन्व्हेस्टिंगमधून २०५ बाहेर, फायनान्सिंगमधून २० बाहेर, ऑपरेटिंग २४०. बेरीज १५. ताळा अगदी बरोबर, आणि दोन्ही कप्पे चूक. कंपनीने ६० रोख आणले आणि ६० रोख दिले असं ते पत्रक सांगतं, प्रत्यक्षात यातलं काही घडलेलं नाही.

दुसरी अशीच चूक धनकोंमध्ये लपते. समजा शेवटच्या ९५ धनकोंमध्ये यंत्र विक्रेत्याचे २५ धरलेले आहेत आणि ही गोष्ट एका टिपेत सांगितली आहे. मग मालाचे धनको ७०, म्हणजे ८० वरून १० ने कमी झाले. ऑपरेटिंगमध्ये १५ मिळवण्याऐवजी १० वजा होतील आणि ऑपरेटिंग रोख २४० ऐवजी २१५ येईल. यंत्रांसाठी दिलेली रोख २०० ऐवजी १७५ होईल. ती टीप वाचली नाही तरी बेरीज १५ च येते, फक्त रोजच्या धंद्यातून २५ जास्त कमावल्याचं दिसतं. म्हणून बेरीज जुळल्यावर प्रश्नातली अतिरिक्त माहिती एकेक ओळ करून परत वाचा, आणि प्रत्येक ओळीने तुमच्या कुठल्या आकड्याला हात लावला ते बोट ठेवून दाखवता येतंय का ते बघा.